दहा वर्षं एकाच कंपनीत काढल्यावर पुन्हा इंटरव्ह्यू: माझी अकरा आठवड्यांची तयारी

"हे सगळं ठीक आहे, पण यात तुमचं स्वतःचं काम कोणतं होतं?"

समोरच्या माणसाने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. सप्टेंबर २०२४ मधला तो शनिवार. वाकडच्या घरी दार लावून मी लॅपटॉपसमोर बसले होते. जून २०१४ पासून एकाच कंपनीत, एकाच बँकिंग प्रॉडक्टवर, आधी डेव्हलपर आणि मग टेक लीड म्हणून काम केलं होतं. इंटरव्ह्यूसाठी दोन आठवडे मी जावाच्या नव्या आवृत्त्यांची फीचर्स पाठ करत होते, आणि त्यांतलं एकही विचारलं गेलं नाही. मी दहा मिनिटं 'आम्ही हे केलं, आम्ही ते बसवलं' असं बोलत राहिले. नंतर एक मध्यम अवघड कोडिंग प्रश्न आला. तो मला सुचला होता, पण सुचेपर्यंत मी गप्प होते आणि लिहिताना अडखळले. चाळीस मिनिटांत कॉल संपला.

त्या दिवशी दुपारी मी वहीत एकच गोष्ट लिहिली: कशाला गंज चढलाय आणि कशाला नाही. सिंटॅक्स मागे पडला होता, पण तो भरून काढायला सोपा होता. खरा गंज दोन ठिकाणी होता. स्वतःच्या कामाची तपशीलवार आठवण गेली होती, आणि अनोळखी माणसासमोर बोलत बोलत विचार करण्याची सवय सुटली होती. एकाच टीममध्ये दहा वर्षं काढली की या दोन्हींची गरजच पडत नाही, कारण आजूबाजूच्या सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. म्हणून तयारीचा क्रम मी उलटा केला. आधी जुनं काम, मग कोडिंग, आणि जावा शेवटी. रोज सकाळी सहा ते सव्वासात आणि रविवारी तीन तास, एवढाच वेळ हाताशी होता.

आधी स्वतःचं काम उकरून काढा

आठवणीवर विसंबून रेझ्युमे लिहायला बसलात तर शेवटच्या दीड वर्षाचंच काम आठवेल. मी तेच केलं होतं. २०१७ साली मी काय करत होते, हे मला खरोखर सांगता येत नव्हतं. ते गिटला माहीत होतं.

```
git log --author="myname" --no-merges --date=short \
  --since="2017-01-01 00:00" --until="2017-12-31 23:59" \
  --pretty="%ad %s"
```

वर्षागणिक ही यादी काढा आणि ऑफिसच्याच मशीनवर बसून वाचा. पहिल्या प्रयत्नात मला २०१६ च्या आधीचं काहीच मिळालं नाही, कारण आमचा कोड तेव्हा एसव्हीएनवर होता आणि गिटवर आणताना लेखकाच्या जागी नावाऐवजी एम्प्लॉयी नंबर आला होता. तुमचंही असं झालं असेल तर `git shortlog -sne --all` चालवा. कोणकोणत्या नावांनी कमिट झालेत ते दिसतं, आणि त्यांत आपलं जुनं नाव सापडतं. जोडीला जुने अप्रेझलचे फॉर्म वाचा. त्या त्या वर्षी आपल्याला काय महत्त्वाचं वाटलं होतं ते तिथे आपल्याच शब्दांत असतं.

इथे एक गोष्ट काटेकोरपणे पाळा. कोड, ईमेल, तिकिटाचा मजकूर, ग्राहकाचं नाव, यांतलं काहीही घरच्या मशीनवर आणू नका, स्वतःला मेलही करू नका. वही घ्या, आपल्या शब्दांत लिहा, आकडे ढोबळ ठेवा. ते कराराने बांधलेलं आहे, आणि जो इंटरव्ह्यूमध्ये जुन्या कंपनीच्या ग्राहकांची नावं सहज घेतो त्याच्यावर समोरचाही विश्वास टाकत नाही.

त्या यादीतून मला पाच कामं मिळाली. पाच पुरतात. प्रत्येकाला वहीत एक पान द्या आणि त्यावर चार गोष्टी लिहा: आधी काय परिस्थिती होती, कारण कसं शोधलं, कोणते उपाय नाकारले आणि का, आणि शेवटी काय मोजलं. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि बहुतेक जण नेमकी तीच सोडतात. निवडलेला उपाय कोणीही पाठ करून सांगू शकतो. नाकारलेला उपाय कारणासकट फक्त काम केलेल्या माणसालाच सांगता येतो.

माझ्या एका पानावर काय होतं ते पूर्ण सांगते. रोज रात्री बँकेच्या व्यवहारांची दोन सिस्टीममधली नोंद जुळवणारा एक बॅच जॉब होता. साधारण आठ लाख व्यवहार, आणि वेळ सव्वापाच तास. रात्री एकला सुरू झालेला जॉब सकाळी सव्वासहाला संपायचा, आणि कधी अडला तर शाखा उघडेपर्यंत पुन्हा चालवायला वेळच उरायचा नाही. पहिल्या इंटरव्ह्यूत याबद्दल मी म्हटलं होतं, "आम्ही बॅचचा परफॉर्मन्स सुधारला." बस्स.

वहीत ते असं उतरलं. जॉब चालू असताना मी `jstack` ने एकेक मिनिटाच्या अंतराने तीन थ्रेड डम्प काढले. तिन्हींत मुख्य थ्रेड एकाच जागी उभा होता: डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत. एसक्यूएल लॉग चालू केल्यावर दिसलं की प्रत्येक व्यवहारासाठी वेगळी `select` जाते आणि तिला २० मिलिसेकंद लागतात. आता हिशेब मांडा. आठ लाख गुणिले २० मिलिसेकंद म्हणजे १६,००० सेकंद, जवळजवळ साडेचार तास. सव्वापाच तासांतले साडेचार इथेच सापडले, म्हणजे बाकी कशालाही हात लावायची गरज नव्हती.

पहिला सल्ला मिळाला तो इंडेक्स लावण्याचा. पण इंडेक्स आधीच होता आणि क्वेरी तो वापरतही होती. डेटाबेसच्या आत क्वेरी एक-दोन मिलिसेकंदांत संपत होती. उरलेला वेळ जात होता जाण्यायेण्यात, कारण ॲप्लिकेशन सर्व्हर एका डेटा सेंटरमध्ये आणि डेटाबेस दुसऱ्यात होता. दुसरा सल्ला होता दहा थ्रेड लावण्याचा. तो मी नाकारला, कारण एकाच खात्याचे व्यवहार क्रमाने जुळवणं भाग होतं आणि त्याच वेळी त्या डेटाबेसवर दुसरे जॉबही चालायचे. मग हजार-हजार व्यवहारांचे गट करून एकेका क्वेरीत `IN` ने मागवले. हजारच का? कारण आमच्या ऑरॅकलच्या आवृत्तीत `IN` च्या यादीत हजारपेक्षा जास्त मूल्यं दिली की `ORA-01795` येत असे. आठशे क्वेऱ्या, प्रत्येकी सुमारे एक सेकंद, म्हणजे तेरा-चौदा मिनिटं. उरलेलं काम पाऊण तासाचं. एकूण एका तासात जॉब संपू लागला.

आणि यात एकदा चुकलंही होतं, तेही पानावर लिहिलं. चाचणीच्या पहिल्याच रात्री जॉब अर्ध्यावर `OutOfMemoryError` देऊन पडला. आणलेला प्रत्येक ऑब्जेक्ट हायबरनेटच्या सेशनमध्ये साठून राहत होता. प्रत्येक गटानंतर `flush()` आणि `clear()` घातल्यावर मेमरी स्थिर झाली.

हे पान तयार झाल्यानंतरच्या प्रत्येक इंटरव्ह्यूत मी हेच काम सांगितलं, आणि प्रत्येक वेळी समोरच्याने यातच खोल खणलं. "इंडेक्स का नाही?", "डेटाबेस बदलला असता तर हजारचा आकडा बदलला असता का?", "आज केलं असतं तर वेगळं काय केलं असतं?" अशा प्रश्नांत वीस मिनिटं सहज जातात, आणि त्या वीस मिनिटांत बोलत असतो तो आपल्या दहा वर्षांचा अनुभव. सिस्टीम डिझाइनच्या फेरीतही मला हाच हिशेब कामी आला: किती नोंदी, प्रत्येकीला किती वेळ, वेळ नेमका कुठे जातो. मोठमोठ्या सिस्टीमची चित्रं पाठ करण्यापेक्षा, आपण चालवलेल्या सिस्टीमचे आकडे दहापट वाढले तर आधी काय मोडेल, हे पाच पानांपैकी प्रत्येकासाठी लिहून काढा. माझी तरी डिझाइनची तयारी एवढीच होती.

पानं लिहून झाली की ती मोठ्याने वाचा आणि 'आम्ही' दिसेल तिथे थांबा. माझा एक जुना सहकारी आता दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यू घेतो. त्याने फोनवर माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, तू 'आम्ही' म्हणतेस तेव्हा तुला ते नम्रपणाचं वाटतं. मला मात्र कळत नाही की मी कुणाला गुण देऊ." टीमने केलं ते टीमचं म्हणा. थ्रेड डम्प मी काढले, हे मात्र 'मी' असंच म्हणा.

कोडिंगची फेरी: हात आणि तोंड दोन्ही

दहा वर्षं कोड लिहिणाऱ्या माणसाला हा भाग अपमानास्पद वाटू शकतो. मलाही वाटलं. रोजच्या कामात कोणी उलटी लिंक्ड लिस्ट मागत नाही. पण माझ्यासारख्या अनुभवी उमेदवारालाही बहुतेक ठिकाणी ही फेरी द्यावी लागते, तेव्हा ती नीट समजून घेतलेली बरी.

मी साठ प्रश्न सोडवले, जास्त नाही. ॲरे आणि हॅशमॅप, दोन पॉइंटर, इंटरव्हल, स्टॅक, बायनरी सर्च, ट्री ट्रॅव्हर्सल, आणि ग्राफवरचा ब्रेड्थ फर्स्ट सर्च. डायनॅमिक प्रोग्रामिंगचे अगदी पायाभूत चार प्रश्न केले आणि तो विषय सोडून दिला. वेळ मर्यादित असताना तिथे जितका वेळ जातो तितका परतावा मिळत नाही, असं माझं मत आहे. अर्थात तुम्ही ज्या कंपनीत अर्ज करताय तिथे तेच विचारतात हे माहीत असेल, तर गोष्ट वेगळी.

पद्धत अशी होती. प्रश्नाला पंचवीस मिनिटं, घड्याळ लावून. सुटला नाही तर उत्तर बघायचं, समजून घ्यायचं, बंद करायचं आणि तिसऱ्या दिवशी तोच प्रश्न कोऱ्या पानावरून पुन्हा लिहायचा. जो प्रश्न तिसऱ्या दिवशी बिनचूक लिहिता आला तोच झाला असं धरायचं. आणि एडिटर साधा, आपोआप पूर्ण करून देणारा नाही. पहिल्याच दिवशी मला कळलं की `computeIfAbsent` मी रोज वापरते, पण पहिली तीन अक्षरं टाइप केल्यावर एडिटर सुचवतो म्हणून. स्वतःहून मला ते नाव आठवेना. एक आठवडा सगळं हाताने टाइप केल्यावर `Map`, `Deque` आणि `PriorityQueue` च्या मेथड बोटांत परत आल्या.

बोलण्याचा सराव मात्र वेगळा करावा लागतो. फोनवर रेकॉर्डर लावून मी प्रश्न सोडवायचे आणि चालायला जाताना ऐकायचे. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये सलग चार मिनिटं फक्त कीबोर्डचा आवाज होता. समोरच्या माणसासाठी ती चार मिनिटं म्हणजे मी अडकलेय, एवढाच अर्थ.

एक प्रश्न पूर्ण घेऊ. मीटिंग रूमची बुकिंग दिली आहेत, प्रत्येकाला सुरुवात आणि शेवट. एकमेकांवर चढणारी बुकिंग एकत्र करून खोली कधी कधी भरलेली आहे ते सांगा.

लिहायच्या आधी दोन प्रश्न विचारा. "एक बुकिंग अकराला संपतं आणि दुसरं अकराला सुरू होतं, तर ती एक धरायची का?" आणि "यादी वेळेच्या क्रमाने येते का?" पहिल्या प्रश्नावर कोडमध्ये `<` लागेल की `<=` ते ठरतं, त्यामुळे तो केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. समजा उत्तर आलं: एक धरा, आणि क्रम नाही. मग मोठ्याने म्हणा: "सुरुवातीच्या वेळेने क्रम लावते. मग प्रत्येक बुकिंगची तुलना फक्त शेवटच्या एकत्र केलेल्या बुकिंगशी करावी लागेल, कारण त्याच्या आधीची सगळी तोवर संपलेली असतील."

```java
List<int[]> merge(int[][] a) {
    Arrays.sort(a, (x, y) -> Integer.compare(x[0], y[0]));
    List<int[]> out = new ArrayList<>();
    for (int[] cur : a) {
        int n = out.size();
        if (n > 0 && cur[0] <= out.get(n - 1)[1]) {
            int[] last = out.get(n - 1);
            last[1] = Math.max(last[1], cur[1]);
        } else {
            out.add(cur.clone());
        }
    }
    return out;
}
```

यात माझ्या हातून पहिल्यांदा तीन चुका झाल्या होत्या. `Math.max` ऐवजी मी सरळ `cur[1]` लिहिलं. १ ते १० आणि २ ते ३ अशी दोन बुकिंग घेतली की उत्तर १ ते ३ येतं, म्हणजे सात तासांचं बुकिंग गायब. दुसरी चूक क्रम लावताना `x[0] - y[0]` लिहिण्याची. मोठी धन संख्या आणि मोठी ऋण संख्या आली की वजाबाकी `int` मध्ये मावत नाही आणि क्रम उलटा लागतो. तिसरी, `clone()` नसल्यामुळे दिलेल्या आतल्या ॲरेच बदलत होत्या. ही शेवटची गोष्ट मी नंतरच्या एका इंटरव्ह्यूत आपणहून बोलून दाखवली. क्रम लावल्याने बाहेरची ॲरे तरीही बदलते, तीही नको असेल तर आधी प्रत घ्यावी लागेल, असंही सांगितलं. समोरच्या बाईंनी लगेच टिपून घेतलं. दुसऱ्याचा डेटा नकळत बदलला तर प्रॉडक्शनमध्ये काय होतं ते आपण भोगलेलं असतं. ते बोलून दाखवण्याची हीच जागा आहे.

लिहून झालं की "झालं" म्हणून थांबू नका. रिकामी यादी, एकच बुकिंग, एकाच्या पोटात दुसरं, आणि टोकाला टोक लागलेली, ही चार उदाहरणं बोट ठेवून कोडमधून चालवा. मग किती वेळ लागतो ते सांगा: क्रम लावायला n log n, पुढची फेरी n, म्हणजे एकूण n log n.

जावा ८ वरून २१ वर: वाचून नाही, एक प्रोजेक्ट हलवून

आमचं प्रॉडक्ट जावा ८ वर होतं, आणि जावा ८ मार्च २०१४ चं. मी इंटरव्ह्यू द्यायला लागले तोवर जावा २१ येऊन वर्ष झालं होतं. मधल्या प्रत्येक आवृत्तीच्या फीचर्सची यादी पाठ करणं ही माझी पहिली चूक. यादीतलं काहीही दोन आठवड्यांत विसरायला होतं, आणि "हे तुम्ही कुठे वापरलंत?" या पुढच्याच प्रश्नाला आपण उघडे पडतो.

मग मी आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्यांचा एक छोटा प्रोजेक्ट लिहिला: फ्लॅट, पावती, थकबाकी, चार एपीआय. आधी मुद्दाम जावा ८ आणि स्प्रिंग बूट २.७ वर, जसं ऑफिसात लिहिते तसं. मग तोच जावा २१ आणि स्प्रिंग बूट ३ वर हलवला. स्प्रिंग बूट ३ नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि त्याला किमान जावा १७ लागतो. या हलवाहलवीत जे मोडतं तेच खरं शिकण्यासारखं असतं.

पहिलं मोडलं ते `javax`. एन्टिटीचे इम्पोर्ट आता `jakarta.persistence` असे हवेत. मी सगळीकडे `javax` शोधून `jakarta` केलं आणि कंपाइलर `DataSource` वर अडला. कारण `javax.sql` हे जावाच्या स्वतःच्या संचाचा भाग आहे, ते बदललेलंच नाही. सरसकट बदलण्याऐवजी `javax.persistence`, `javax.validation`, `javax.servlet` असं एकेक बदलावं लागतं. दुसरं मोडलं ते सिक्युरिटीचं: `WebSecurityConfigurerAdapter` हा क्लासच काढून टाकला आहे, त्याच्या जागी `SecurityFilterChain` चं बीन लिहावं लागतं. या दोन गोष्टी मी इंटरव्ह्यूत सांगितल्या की समोरच्याला कळायचं की हिने हे हाताने केलंय.

मग नव्या गोष्टी एकेक करून आत घेतल्या. पावतीच्या नोंदीचा चाळीस ओळींचा क्लास `record` ने एवढासा झाला:

```java
record Receipt(String flat, LocalDate paidOn, BigDecimal amount) {
    Receipt {
        Objects.requireNonNull(flat);
        if (amount.signum() <= 0)
            throw new IllegalArgumentException("amount");
    }
}
```

यावर दोन प्रश्न हमखास येतात, आणि दोन्हींची उत्तरं करून बघितल्याशिवाय पटत नाहीत. पहिला: याला सरळ जेपीएची एन्टिटी का करत नाही? कारण एन्टिटीला रिकामा कन्स्ट्रक्टर लागतो आणि क्लास `final` असून चालत नाही. रेकॉर्ड मुळातच `final` असतो, शिवाय त्याची फील्ड्स नंतर बदलता येत नाहीत. म्हणून एन्टिटी जुन्याच पद्धतीने लिहायची आणि एपीआयच्या सीमेवर रेकॉर्ड वापरायचा. दुसरा जरा फसवा आहे. दोन पावत्या अगदी सारख्या, पण एकीत रक्कम `2500.0` आणि दुसरीत `2500.00`. त्या `equals` ने समान ठरतील का? नाही ठरणार. रेकॉर्ड प्रत्येक फील्डचं `equals` वापरतो, आणि `BigDecimal` चं `equals` दशांश स्थळांची संख्याही बघतं. बँकिंगमध्ये इतकी वर्षं काढल्यामुळे `compareTo` वापरायची सवय मला होती. जुन्या अनुभवाला नव्या फीचरशी असं जोडून दाखवता आलं की वर्षं वाया गेली नाहीत हे वेगळं सांगावं लागत नाही.

व्हर्च्युअल थ्रेडबद्दल जवळजवळ प्रत्येकाने विचारलं. थोडक्यात सांगते. जावा २१ पासून हे हलके थ्रेड हजारोंनी तयार करता येतात आणि ते नेटवर्कची किंवा डेटाबेसची वाट बघत असताना खालचा खरा थ्रेड मोकळा होतो. नुसती आकडेमोड करणाऱ्या कामाला त्यांचा उपयोग नाही. पण खरी मेख पुढे आहे. मी माझ्या प्रोजेक्टवर एकाच वेळी दोन हजार विनंत्या सोडल्या आणि वेग काही वाढला नाही, उलट कनेक्शन मिळत नाही अशा चुका येऊ लागल्या. स्प्रिंग बूटसोबत येणाऱ्या हिकारी पूलमध्ये मुळात दहाच कनेक्शन असतात. थ्रेड दोन हजार असले तरी दरवाजा दहा माणसांचाच. शिवाय जावा २१ मध्ये `synchronized` च्या आत वाट बघणारा व्हर्च्युअल थ्रेड खालच्या थ्रेडला अडकवून ठेवतो. मार्च २०२५ मध्ये आलेल्या जावा २४ मध्ये ते सुधारलं आहे.

हा सगळा भाग मला चार आठवडे लागला. डॉकर आणि क्लाउडचं मी कामापुरतंच केलं: तो प्रोजेक्ट एका कंटेनरमध्ये बसवला आणि चालवला. वापरलेलं नसताना रेझ्युमेत कुबरनेटिस लिहू नका. तिथून सुरू झालेला प्रश्न दुसऱ्या वाक्यालाच अडतो.

अर्ज, आणि ठरलेले दोन प्रश्न

अर्ज सुरू केले सातव्या आठवड्यात, आणि क्रम लावून. जिथे खरोखर जायचं होतं त्या तीन कंपन्या शेवटी ठेवल्या. आधीचे चार इंटरव्ह्यू मनापासून दिले, पण ते सरावासाठीही होते. प्रत्येक कॉल संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत विचारलेले सगळे प्रश्न वहीत लिहिले, कारण संध्याकाळपर्यंत निम्मे विसरले जातात. चौथ्या इंटरव्ह्यूपर्यंत माझ्या वहीत तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला होता: ट्रान्झॅक्शन अर्ध्यावर तुटलं आणि विनंती पुन्हा आली तर पैसे दोनदा कापले जाणार नाहीत हे कसं बघाल? पाचव्यात तो आला तेव्हा उत्तर तयार होतं.

"एकाच ठिकाणी दहा वर्षं का?" हे सगळ्यांनी विचारलं. सुरुवातीला मी सफाई दिल्यासारखी बोलायचे. नंतर वर्षांचे टप्पे पाडून सांगू लागले: पहिली तीन वर्षं अमुक मॉड्यूल, मग बॅच आणि परफॉर्मन्स, मग पाच जणांची टीम. एकाच छताखाली तीन वेगळी कामं झाली होती, आणि रेझ्युमेतही ती मी तीन वेगळ्या नोंदी म्हणून लिहिली, प्रत्येकीला सालं देऊन. सोडण्याचं कारण विचारलं तर जे खरं होतं तेच सांगितलं: प्रॉडक्ट आता फक्त देखभालीवर आहे आणि मला नवीन बांधायचं आहे. जुन्या ठिकाणाची तक्रार करू नका.

दुसरा ठरलेला प्रश्न एचआरचा: नोटीस पीरियड किती? माझा ९० दिवसांचा होता, आणि दोन ठिकाणी तिथेच बोलणं संपलं. ही माहिती लपवून उपयोग नाही, पहिल्याच कॉलवर सांगा. पण त्याआधी आपलं अपॉइंटमेंट लेटर काढून नीट वाचा. उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटता येतं का, ते मंजूर करणं कंपनीच्या मर्जीवर आहे का, आणि रक्कम बेसिकवर धरतात की पूर्ण पगारावर, हे त्यात असतं. मला ते आधी माहीत असल्यामुळे तिसऱ्या ठिकाणी मी ठामपणे म्हणू शकले की साठ दिवसांत येईन, तीस दिवसांचे पैसे तुम्ही भरून द्याल का. त्यांनी मान्य केलं.

ऑफर हातात आली की नुसता सीटीसीचा आकडा बघू नका. त्यात कंपनीचा पीएफचा हिस्सा आणि बहुधा ग्रॅच्युइटीही धरलेली असते. दहा वर्षं झालेल्या माणसाला ग्रॅच्युइटीचा विचार दोन्ही बाजूंनी करावा लागतो. जुन्या कंपनीकडून ती मिळते, २०२४ मध्ये हिशेब असा होता: शेवटचं बेसिक आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. बेसिक साठ हजार आणि वर्षं दहा असतील तर साधारण तीन लाख शेहेचाळीस हजार. नव्या ठिकाणी मात्र कायम नोकरीत पाच वर्षांचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. म्हणजे तिथल्या सीटीसीत दाखवलेली ग्रॅच्युइटी पाच वर्षं राहिलात तरच हातात येणार. तुलना करताना ती रक्कम बाजूला काढूनच दोन्ही आकडे समोर ठेवा. पीएफचा यूएएन तोच ठेवा आणि पैसे काढण्याऐवजी नव्या खात्यात वळते करा.

लेखी ऑफर येण्याआधी राजीनामा देऊ नका. आणि राजीनामा दिल्याच्या दिवशीच, ऑफिसचा लॅपटॉप आणि लॉगिन अजून हातात असताना, सगळ्या वर्षांचे फॉर्म १६, निदान शेवटच्या वर्षभराच्या पगाराच्या स्लिपा आणि प्रत्येक बढतीचं पत्र उतरवून घ्या. ही स्वतःची कागदपत्रं आहेत, ती नेण्यात काही गैर नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पोर्टल बंद होतं, आणि नव्या कंपनीची पडताळणी करणारे तीच कागदपत्रं चार आठवड्यांनी मागतात.